टास्कबारची आवराआवर : काय दिसावं, काय लपावं

विंडोज 11 असलेला नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला, की पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीवर आपण काहीही ठेवलेलं नसताना चिन्हांची रांग आधीच हजर असते. डाव्या कोपऱ्यात हवामान, मध्यभागी स्टार्ट, त्याच्या शेजारी सर्चची लांब चौकट, मग एज, स्टोअर, फाइल एक्सप्लोरर, आणि उजव्या टोकाला घड्याळाच्या अलीकडे एक छोटा बाण. पुढच्या काही महिन्यांत प्रिंटर येतो, अँटिव्हायरस येतो, मीटिंगची सॉफ्टवेअर्स येतात, आणि प्रत्येक जण स्वतःचं चिन्ह कुठे ना कुठे चिकटवून जातो. शेवटी हवी ती फाइल शोधताना नजर सगळ्या पट्टीवरून फिरते.

ही पट्टी आवरायला कुठलंही नवीन सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजच्या दोन-तीन सेटिंग्जमध्ये काम होतं. मात्र पट्टीचे तीन भाग तीन वेगवेगळी कामं करतात, हे आधी लक्षात घ्यायला हवं. स्टार्ट मेनू नवीन काम सुरू करण्यासाठी असतो. मधली टास्कबार चालू कामांमध्ये ये-जा करण्यासाठी असते. घड्याळाशेजारचा भाग, म्हणजे सिस्टिम ट्रे, पडद्यामागे काय चाललंय ते सांगतो. एकच नियम तिन्हीकडे लावला की घोळ होतो.

उदाहरणासाठी एका करसल्लागाराच्या छोट्या कार्यालयातला लॅपटॉप घेऊ. पडदा 1366 × 768 पिक्सेलचा, म्हणजे साधा. दिवसभराचं काम टॅली, एक्सेल, क्रोम आणि व्हॉट्सअॅपवर चालतं. विवरणपत्रांवर डिजिटल सही करण्यासाठी यूएसबी टोकन आहे, फाइल्सची प्रत वनड्राइव्हवर जाते आणि मराठीत पत्रंही टाइप करावी लागतात. अशा यंत्राची पट्टी कशी लावायची ते एकेक करून पाहू.

मध्ये की डावीकडे?

1995 साली विंडोज 95 आलं तेव्हापासून स्टार्टचं बटण डाव्या खालच्या कोपऱ्यात होतं. ऑक्टोबर 2021 मध्ये विंडोज 11 आलं आणि बटण मध्यभागी सरकलं. दिसायला ते छान दिसतं, मोठ्या आणि रुंद पडद्यावर तर मानही कमी वळवावी लागते. पण रोजच्या वापरात त्याचे दोन त्रास आहेत.

पहिला त्रास कोपरा गमावल्याचा. माउस डावीकडे खाली कितीही जोरात ढकलला तरी बाण पडद्याबाहेर जात नाही, कोपऱ्यातच अडकतो. म्हणून कोपऱ्यातलं बटण न बघता दाबता येतं, आणि मधलं बटण मात्र नेम धरून दाबावं लागतं. वर्षानुवर्षांच्या सवयीने हात कोपऱ्यात गेला, तर स्टार्टऐवजी हवामान आणि बातम्यांची मोठी चौकट उघडते.

दुसरा त्रास सहसा कुणी सांगत नाही, पण रोज भोवतो. मध्यभागी असते ती संपूर्ण रांग, एकटं स्टार्टचं बटण नव्हे. एखादं नवीन अॅप उघडलं की रांगेत एक चिन्ह वाढतं, आणि रांग मध्यभागीच राहावी म्हणून स्टार्टसकट सगळी चिन्हं अर्ध्या चिन्हाच्या रुंदीएवढी डावीकडे सरकतात. अॅप बंद केलं की परत उजवीकडे येतात. सकाळी जिथे एक्सेल होतं तिथे दुपारी क्रोम असतं. त्यामुळे हाताला जागेची सवय लागतच नाही.

म्हणून दिवसभर एकाच यंत्रावर काम करणाऱ्याने रांग डावीकडे घ्यावी. टास्कबारच्या मोकळ्या जागेवर उजवं बटण दाबलं की Taskbar settings असा पर्याय येतो. तो नाही सापडला तर विंडोज आणि R ही बटणं एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत हे टाइप करावं:

```
ms-settings:taskbar
```

उघडलेल्या पानावर खाली Taskbar behaviors नावाचा भाग आहे. त्यातल्या Taskbar alignment समोर Center ऐवजी Left निवडायचं. बदल लगेच दिसतो, यंत्र बंद करून चालू करावं लागत नाही.

त्याच भागात Automatically hide the taskbar हाही पर्याय आहे. आपल्या उदाहरणातल्या पडद्यावर त्याचा मोह होणं साहजिक आहे, कारण नेहमीच्या मापात पट्टी 48 पिक्सेल उंच असते, म्हणजे 768 पिक्सेलच्या पडद्याचा सोळावा भाग. पण एक्सेलमध्ये झूम कमी-जास्त करायची पट्टी अगदी तळाशी असते. तिच्याकडे माउस गेला की लपलेली टास्कबार वर येऊन तिलाच झाकते. शिवाय एखाद्या अॅपला तुमचं लक्ष वेधायचं असेल, तर टास्कबार आपणहून वर येते आणि त्या अॅपकडे बघेपर्यंत खाली जात नाही. लेखन किंवा चित्रं पाहण्यासाठी लपवलेली पट्टी सोयीची, पण हिशेबाच्या कामाला ती अडचणीचीच.

रांगेत कुणाला जागा द्यायची

टास्कबारच्या सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर Taskbar items हा भाग दिसतो. इथून Widgets बंद केलं की हवामानाची चौकट जाते. Task view हे बटण ज्यांना एकापेक्षा जास्त डेस्कटॉप लागत नाहीत त्यांनी बंद करावं. Search समोर चौकट, नाव आणि चिन्ह, फक्त चिन्ह किंवा Hide असे पर्याय आहेत. Hide निवडलं तरी शोधण्याची सोय जात नाही. विंडोजचं बटण दाबून सरळ टाइप करायला लागलं की शोध सुरू होतो. म्हणजे ती लांब चौकट केवळ जागा खाते.

यानंतर कायमची चिकटवलेली चिन्हं. जे रोज लागत नाही त्यावर उजवं बटण दाबून Unpin from taskbar करावं. इथे अॅप काढलं जात नाही, फक्त पट्टीवरून उतरतं. उरलेली चिन्हं ओढून कामाच्या क्रमाने लावावीत, कारण या क्रमाला कीबोर्डवर अर्थ आहे. विंडोजच्या बटणासोबत 1 दाबलं की रांगेतलं पहिलं अॅप उघडतं, 2 दाबलं की दुसरं. आपल्या करसल्लागाराने फाइल एक्सप्लोरर, टॅली, एक्सेल, क्रोम आणि व्हॉट्सअॅप असा क्रम लावला, तर विंडोज आणि 3 म्हणजे एक्सेल, हे आठवडाभरात बोटांच्या अंगवळणी पडतं. पाच-सहापेक्षा जास्त चिन्हं ठेवली तर क्रमांक लक्षात राहत नाहीत. म्हणून तेवढ्यावर थांबलेलं बरं.

एक्सेलच्या बाबतीत आणखी एक निर्णय घ्यावा लागतो. तीन अशिलांच्या तीन फाइल्स उघड्या आहेत, पण पट्टीवर एक्सेलचं एकच चिन्ह दिसतं. त्यावर माउस नेला की तीन छोटी चित्रं येतात, त्यातलं हवं ते ओळखून दाबायचं. हिशेबाची पानं लहान आकारात सारखीच दिसतात आणि एकाचे आकडे दुसऱ्याच्या फाइलमध्ये जाण्याचा धोका असतो. विंडोज 11 आलं तेव्हा यावर उपाय नव्हता. टास्कबार नव्याने लिहिताना मायक्रोसॉफ्टने ही सोय वगळली होती आणि लोकांनी बरीच ओरड केल्यावर 2023 मध्ये ती परत आली. Combine taskbar buttons and hide labels समोर Never निवडलं की प्रत्येक फाइलचं वेगळं बटण दिसतं, शेजारी फाइलच्या नावासकट.

मात्र आपल्या छोट्या पडद्यावर आठ-दहा खिडक्या उघडल्या की नावं आखूड होतात. तिथे When taskbar is full हा मधला पर्याय जास्त कामाचा. जागा असेपर्यंत नावं दिसतात, जागा संपली की चिन्हं एकत्र होतात. आणि नावं दाखवायची असतील तर रांग डावीकडेच असावी. बटणाची रुंदी नावाच्या लांबीप्रमाणे बदलते, त्यामुळे मध्यभागी ठेवलेली रांग ब्राउझरचं पान बदललं तरी हलत राहते.

स्टार्ट मेनू

स्टार्ट मेनूत वर चिकटवलेल्या अॅप्सचा भाग असतो आणि खाली Recommended, म्हणजे नुकत्याच उघडलेल्या फाइल्स आणि नवी अॅप्स. नव्या यंत्रावर वरच्या भागातली काही चिन्हं ही नुसतीच दारं असतात. ते अॅप यंत्रावर बसवलेलंच नसतं, त्यावर क्लिक केल्यावर ते स्टोअरमधून उतरवलं जातं. अशी चिन्हं उजवं बटण दाबून Unpin from Start करून टाकावीत.

उरलेल्यांची मांडणी ओढून करता येते. एक चिन्ह दुसऱ्यावर नेऊन सोडलं की दोघांचा एक फोल्डर होतो आणि त्याला नावही देता येतं. करसल्लागाराच्या यंत्रावर रोजची अॅप्स टास्कबारवर आलेलीच आहेत. त्यामुळे इथे आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा लागणारी अॅप्स ठेवावीत: स्कॅनरचं सॉफ्टवेअर, टोकनचं सॉफ्टवेअर, कॅल्क्युलेटर, पीडीएफ जोडण्याचं साधन. तीच अॅप्स दोन्हीकडे लावण्यात काही हशील नाही.

तळाला पॉवरच्या बटणाशेजारची जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. Settings मध्ये Personalization, त्यात Start, आणि त्यात Folders असं गेलं की Documents, Downloads, File Explorer, Settings यांपैकी हवी ती दारं त्या जागी लावता येतात. डाउनलोड केलेली पावती किंवा नोटीस शोधण्यासाठी Downloads तिथे असणं फार सोयीचं.

आता Recommended. कार्यालयात अशील शेजारी बसलेला असतो आणि स्टार्ट उघडला की दुसऱ्या अशिलाच्या फाइलचं नाव तिथे झळकतं. म्हणून अनेक जण त्याच Start पानावरचं Show recommended files in Start, recent files in File Explorer, and items in Jump Lists हे बटण बंद करतात. नाव लांबलचक आहे, आणि ते पूर्ण वाचणं गरजेचं आहे. हे एकच बटण तीन ठिकाणी परिणाम करतं. स्टार्टमधली यादी जाते, फाइल एक्सप्लोररमधल्या अलीकडच्या फाइल्स जातात, आणि टास्कबारवरच्या एक्सेलच्या चिन्हावर उजवं बटण दाबल्यावर येणारी फाइल्सची यादीही जाते. पहिली गोष्ट गेल्याचं कुणाला दुःख नसतं, तिसरी गेली की दोन दिवसांनी एक्सेल बिघडल्याची तक्रार सुरू होते. एक्सेलमध्ये काही बिघडलेलं नसतं. हे बटण पुन्हा चालू केलं की यादी परत भरायला लागते. अशिलांच्या नावांची गुप्तता महत्त्वाची की यादीची सोय, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आपल्या करसल्लागाराने बटण बंद ठेवावं, आणि रोज लागणाऱ्या फाइल्सचे फोल्डर एक्सप्लोररमध्ये डाव्या बाजूला पिन करावेत.

आणखी एक सूचना. 2025 च्या अखेरीपासून मायक्रोसॉफ्टने स्टार्टचा नवा आराखडा द्यायला सुरुवात केली. त्यात चिकटवलेली अॅप्स आणि सगळ्या अॅप्सची यादी एकाच पानावर येते आणि ती गटवार, चौकटीत किंवा अकारविल्हे पाहता येते. जुन्या आराखड्यात मात्र More pins आणि More recommendations असे मांडणीचे पर्याय दिसतात. म्हणून कुणी सांगितलेला पर्याय तुमच्या यंत्रावर नसेल, तर आधी विंडोज आणि R दाबून winver टाइप करावं आणि आवृत्ती तपासावी. बऱ्याचदा फरक आवृत्तीचाच असतो.

घड्याळाशेजारी

खरी काळजी इथे घ्यावी लागते. घड्याळाच्या अलीकडचा वर तोंड केलेला बाण दाबला की लपलेल्या चिन्हांची छोटी चौकट उघडते. विंडोज नव्या अॅपचं चिन्ह साधारणपणे या चौकटीतच टाकतं. तिथून चिन्ह ओढून घड्याळाशेजारी आणता येतं, आणि बाहेरचं चिन्ह आतही ढकलता येतं. हीच निवड सेटिंग्जमध्ये Other system tray icons या यादीतून करता येते. ज्या नावासमोरचं बटण चालू, ते बाहेर दिसतं, बाकीची आत राहतात. वाय-फाय, आवाज आणि बॅटरी ही तीन चिन्हं मात्र विंडोज 11 मध्ये मिळून एकच बटण आहे, ती सुटी लपवता येत नाहीत.

या यादीबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा, की बटण बंद केलं म्हणजे अॅप बंद झालं. तसं होत नाही. फक्त चिन्ह आत जातं, अॅप पडद्यामागे चालूच असतं आणि मेमरीही वापरत असतं. यंत्र सुरू होताना मंद होत असेल तर ट्रे आवरून उपयोग नाही. त्यासाठी Settings मध्ये Apps आणि त्यात Startup इथे जाऊन, जी अॅप्स यंत्राबरोबर आपोआप सुरू व्हायला नकोत ती बंद करायची. दोन्ही याद्या एकामागोमाग पाहाव्यात. एखादं अॅप नकोच असेल तर ते Startup मधून काढावं, म्हणजे ट्रेमधली त्याची जागा आपोआप मोकळी होते. अॅप हवं आहे पण त्याच्याकडे बघायची गरज नाही, असं असेल तरच त्याचं चिन्ह लपवावं.

मग बाहेर काय ठेवायचं? ज्या चिन्हाचा रंग किंवा आकार बदलणं ही आपल्यासाठी बातमी असते, तेवढंच. करसल्लागाराच्या ट्रेमध्ये मीटिंगची दोन सॉफ्टवेअर्स, प्रिंटरचं साधन, आवाजाच्या कार्डाचं साधन, अँटिव्हायरस, वनड्राइव्ह आणि टोकनचं सॉफ्टवेअर अशी सात चिन्हं आहेत. मीटिंगची दोन्ही Startup मधून काढली, मीटिंगच्या वेळी ती उघडता येतात. आवाजाचं साधन आत राहू दिलं. प्रिंटरचं साधन आत ठेवलं तरी शाई संपल्याची सूचना येतेच. अँटिव्हायरसही आत ठेवला, कारण धोक्याच्या वेळी तो मोठा संदेश देतो.

वनड्राइव्ह मात्र बाहेर. त्याच्या ढगावर लाल खूण दिसली तर फाइल्सची प्रत वर जाणं थांबलेलं असतं. चिन्ह आत लपलेलं असेल तर हे कळायला आठवडा लागू शकतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यात डिस्क बिघडली तर मधलं काम गेलं. टोकनचं सॉफ्टवेअरही बाहेर असावं. जीएसटीच्या पोर्टलवर डिजिटल सही करताना सहीचं सॉफ्टवेअर यंत्रावर चालू असावं लागतं. ते बंद पडलं तर सगळी माहिती भरून झाल्यावर सहीच्या पायरीवर चूक दाखवली जाते. घड्याळाशेजारी नजर टाकून आधीच खात्री करता आली तर शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी धावपळ होत नाही.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी ट्रेमध्ये आणखी एक खूण महत्त्वाची आहे. यंत्रावर एकापेक्षा जास्त कीबोर्ड असले की घड्याळाजवळ भाषेची अक्षरं दिसतात. विंडोजमध्ये मराठीसाठी इन्स्क्रिप्ट मांडणी आहेच, आणि 2019 पासून उच्चारानुसार टाइप करण्याचा फोनेटिक कीबोर्डही मिळतो. विंडोज आणि स्पेस दाबलं की कीबोर्ड बदलतो. ही अक्षरं पट्टीवरून काढून टाकता येतात, पण काढू नयेत. चालू कीबोर्ड मराठी आहे की इंग्रजी हे त्यांच्यावरूनच कळतं. पासवर्डच्या चौकटीत तर टाइप केलेलं दिसतच नाही. तिथे पासवर्ड बरोबर असूनही चूक का दाखवतंय, हे शोधताना पहिली नजर तिथेच जायला हवी.

काय बिघडतं आणि का

नीट लावलेला ट्रे काही महिन्यांत पुन्हा विस्कटतो, त्याला कारण आहे. विंडोज चिन्हाची ओळख त्या अॅपच्या फाइलच्या जागेवरून ठेवतं. काही अॅप्स प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी नवा फोल्डर तयार करतात. मग विंडोजच्या लेखी ते नवं अॅप ठरतं आणि त्याचं चिन्ह परत बाणाच्या आत जातं. Other system tray icons यादीत एकाच नावाच्या दोन नोंदी दिसल्या तर हेच झालेलं असतं. नव्या नोंदीसमोरचं बटण चालू करावं. यादीत एखाद्या अॅपचं नावच नसेल, तर त्याने या यंत्रावर अजून एकदाही चिन्ह दाखवलेलं नसतं. अॅप एकदा सुरू करून मग यादी उघडावी.

चिन्हं कोरी दिसू लागली किंवा पट्टी क्लिकला दादच देईनाशी झाली, तर यंत्र लगेच बंद करू नये. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, यादीत Windows Explorer शोधून त्यावर उजवं बटण दाबावं आणि Restart निवडावं. पट्टी क्षणभर नाहीशी होऊन परत येते. एक्सेलसारखी उघडी कामं तशीच राहतात. फक्त फाइल एक्सप्लोररच्या खिडक्या बंद होतात, आणि त्या वेळी एखादी फाइल कॉपी होत असेल तर ती आधी पूर्ण होऊ द्यावी.

जुन्या विंडोजसारखी पट्टी आणून देणारी बाहेरची सॉफ्टवेअर्सही मिळतात. ती वाईट नाहीत, पण विंडोजच्या अंतर्गत रचनेवर अवलंबून असतात. 2024 मध्ये विंडोज 11 ची 24H2 आवृत्ती आली तेव्हा अशा काही सॉफ्टवेअर्सच्या जुन्या आवृत्त्या यंत्रावर असल्या तर अपडेट अडत होतं. घरच्या यंत्रावर हौस म्हणून वापरायला हरकत नाही. ज्या यंत्रावर शेवटच्या तारखांची कामं होतात, तिथे विंडोजच्या स्वतःच्या सेटिंग्जवरच भागवावं.

नवीन सॉफ्टवेअर बसवलं, की त्याच दिवशी Startup आणि Other system tray icons या दोन याद्या एकदा उघडून पाहा. आणि चिन्ह लपवण्याआधी ते कशाची खबर देतं, तेवढं मात्र नक्की तपासा.